टीडीचे दोन डोस झाले, आता परत टीडॅप कशाला?

रानजाई | ३ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. पहिलटकरीण आहे, २४ आठवडे पूर्ण झालेत. नाव गावच्या उपकेंद्रात नोंदवलंय आणि सोनोग्राफी वगैरे तालुक्याला खाजगीत चालू आहे. उपकेंद्रातल्या सिस्टरांनी टीडीची दोन इंजेक्शनं दिली, एक ११व्या आठवड्यात आणि दुसरं १५व्या. कार्डावर तारखा आहेत.

परवा खाजगीतल्या मॅडमनी फायलीवर लिहिलं, 'टीडॅप, २८ आठवडे'. मी म्हटलं दोन झालीत की. त्या म्हणाल्या, "ते तुझ्यासाठी, हे बाळासाठी," आणि पुढची पेशंट आत आली. मेडिकलवाला म्हणतो मागवावं लागेल, तेराशेच्या आसपास जाईल. सासूबाईंचं म्हणणं, आमच्या वेळी धनुर्वाताची एकच सुई होती आणि चार पोरं धडधाकट आहेत.

पैशाचा प्रश्न नाही. मला एवढंच समजून घ्यायचंय की दंडावर टोचलेलं माझ्या पोटातल्या बाळापर्यंत जातं कसं? आणि २८च का? आत्ता २४ला का नाही?

खवचट_काका | ३ जून, रात्री १०:३०

मॅडमनी सांगितलंय ना? मग घ्यायचं. आमच्या वेळी डॉक्टर पोस्टकार्डाएवढं अक्षर काढायचे आणि आम्ही निमूट गिळायचो.

पेठेतली_मावशी | ३ जून, रात्री १०:४१

काका, तुम्ही गरोदर होतात का कधी?

रानजाई, सहाव्या आठवड्यात बाळाला पेंटाव्हॅलंट देतात, त्यात डांग्या खोकला येतोच. सहा, दहा, चौदा आठवडे. आमच्या नातीला सगळं वेळेवर दिलं. 'पेनलेस' द्यायचं की साधं, ते आधी ठरवून ठेव. तापाच्या भीतीने आम्ही पेनलेस घेतलं, खर्च बराच झाला.

रानजाई | ३ जून, रात्री १०:५५

मावशी, बाळाचं नाही विचारत. माझ्या इंजेक्शनचं विचारतेय. 🙂

उपकेंद्र_३ | ४ जून, सकाळी ६:२०

मी एएनएम आहे, सव्वीस वर्षं नोकरी झाली. आधी आमच्या सुईचं सांगते.

पूर्वी टीटी होतं, नुसतं धनुर्वाताचं. २०१९ पासून टीडी आलं. त्यात धनुर्वातासोबत घटसर्पाचा थोडा अंश असतो. नोंदणी झाली की पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा. मागच्या बाळंतपणात दोन झाले असतील आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले तर एकच बूस्टर. डांग्या खोकला यात नाही, तो टीडॅपमध्ये असतो. सरकारी पुरवठ्यात आमच्याकडे गरोदर बाईसाठी टीडीच येतं, म्हणून सिस्टरांनी तेच दिलं. त्यांचं काही चुकलं नाही आणि तुमच्या मॅडमचंही नाही.

"ते तुझ्यासाठी" हे मात्र अर्धंच खरं. टीडीसुद्धा बाळासाठीच असतं. मी नोकरीला लागले तेव्हा वाडीवरची एक म्हातारी सुईण नाळ विळ्याने कापायची, वर राख लावायची. पाचवी पुजली, बाळ अंगावर पीत होतं, आणि सातव्या-आठव्या दिवशी तोंड मिटून घ्यायचं. जबडा आखडलेला, हात लावला की धनुष्यासारखं ताठ. लोक म्हणायचे सटवाईने नेलं. तो धनुर्वात होता. त्या वयात बाळाला लस देऊन काही होत नाही, तयार व्हायला वेळच नसतो. आईला आधी टोचलेलं असेल तरच ते वाचतं. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं की भारतात माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात आटोक्यात आला. त्याला सुई आणि स्वच्छ ब्लेड दोन्ही कारणीभूत.

२८ आठवड्यांचं गणित आमच्या प्रशिक्षणात नव्हतं, ते कोणी जाणकाराने सांगावं.

खवचट_काका | ४ जून, सकाळी ७:०५

सिस्टर, हे वाचून चहा गार झाला. माघार.

गोठा_आणि_गप्पा | ४ जून, सकाळी ९:१५

लस-बिस जाऊ द्या, बाळाला चीक पाजा. आईची सगळी ताकद पहिल्या चिकात असते. आमच्याकडे ३० जनावरं आहेत. वासराला पहिल्या दोन-चार तासांत चीक मिळाला नाही की महिन्याभरात हगवणीने जातं, हे डोळ्याने बघितलंय. निसर्गाने सोय केलीय ती वापरा.

वारकरी_पेशी | ४ जून, दुपारी १:४०

नवजात अतिदक्षता विभागात काम करतो, त्यामुळे तुकड्यातुकड्यांत लिहितोय. (आयडी पंढरीच्या वारीवरून नाही, पोटातल्या वारेवरून आहे. तिला बरेच जण नाळ म्हणतात. नाळ ही दोरी, वार म्हणजे गर्भाशयाला चिकटलेली थाळी.)

गोठेवाले, वासराबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि म्हणूनच माणसाबद्दल चुकतंय. गाईच्या वारेतून अँटिबॉडी पलीकडे जातच नाहीत. वासरू जवळपास रिकाम्या हाताने जन्मतं आणि पहिल्या दिवशी त्याचं आतडं चिकातल्या अँटिबॉडी अख्ख्याच्या अख्ख्या रक्तात ओढून घेतं. दिवसभरात ते दार बंद होतं, त्यामुळे उशिरा पाजलेल्या चिकाचा तेवढा उपयोग होत नाही. माणसात हे काम जन्माआधीच वारेतून उरकलेलं असतं. आपल्या बाळाला चीकदूध हवंच, पण त्यातल्या अँटिबॉडी मुख्यतः वेगळ्या जातीच्या, आयजीए. त्या घशात आणि आतड्यात पहारा देतात, रक्तात फारशा उतरत नाहीत. डांग्या खोकल्यासाठी रक्तातली आयजीजी लागते आणि ती वारेतूनच येते.

आता रानजाईचा पहिला प्रश्न. दंडावर टोचलेली लस बाळापर्यंत जात नाही. ती दंडाच्या स्नायूत आणि काखेतल्या गाठींतच संपते. जातं ते तिच्यामुळे तुमच्या शरीराने बनवलेलं.

वारेचा जो थर तुमच्या रक्तात बुडालेला असतो तो सतत रक्ताचे घोट घेत असतो. प्रत्येक घोट पेशीच्या आत एका बारीक पिशवीत जातो आणि ती पिशवी आंबट होत जाते. पिशवीच्या भिंतीला हुकासारखा एक आकडा असतो, त्याला एफसीआरएन म्हणतात. आंबटपणात हा आकडा आयजीजीला घट्ट धरतो. घोटातली बाकीची प्रथिनं पुढे पचवली जातात, आकड्याला लागलेली आयजीजी वाचते. मग पिशवी बाळाच्या बाजूला उघडते. तिथे आंबटपणा नसतो, त्यामुळे आकडा सुटतो आणि आयजीजी पलीकडे पडते. आकडा परत कामाला लागतो.

ड्यूटी आहे, २८चं संध्याकाळी.

सातारी_कंदी | ४ जून, दुपारी १:५८

आंबट वातावरणात घट्ट धरून ठेवायचं आणि तोंड गोड झालं की सोडून द्यायचं. डॉक्टर, तुम्ही आमच्या तलाठी कार्यालयाचं वर्णन केलंत.

गोठा_आणि_गप्पा | ४ जून, दुपारी २:१०

गाईच्या वारेतून जात नाही हे माहीत नव्हतं. चाळीस वर्षं चीक पाजतोय, कारण आज कळलं. बरं, उरलेल्या चिकाचा खरवस केला तर अँटिबॉडी राहतात का?

पेठेतली_मावशी | ४ जून, दुपारी २:१६

उकडल्यावर काय राहणार! वेलची राहते.

नकोच_बाई | ४ जून, दुपारी ४:३०

मी वेगळं मत मांडते, राग मानू नका. माझी दुसरी डिलिव्हरी दीड वर्षापूर्वी झाली. पहिल्या वेळी टीडॅप घेतलं होतं, तीन वर्षं आधी. दुसऱ्या वेळी पुन्हा म्हणाले, मी घेतलं नाही. शरीरात एकदा अँटिबॉडी बनल्या की राहतात ना? शिवाय मी वाचलंय की आईच्या अँटिबॉडी जास्त असल्या की बाळाची स्वतःची लस नीट लागत नाही. गोवराची लस नऊ महिन्यांनी देतात ती त्यामुळेच. मग आपणच बाळाच्या लसीत खोडा का घालायचा? माझं बाळ ठणठणीत आहे.

आणि डांग्या खोकला आता आहे कुठे? माझ्या ओळखीत एकालाही झालेला नाही.

काजवा८४ | ४ जून, संध्याकाळी ५:४७

झालाय. माझ्या मुलाला. पाच आठवड्यांचा होता. पेंटाव्हॅलंटच्या तारखेला आठ दिवस होते.

माझ्या वडिलांना महिनाभर खोकला होता. ठसका लागला की थांबायचा नाही, शेवटी उलटी व्हायची. सगळे म्हणायचे हवा बदलली. बाळाला घेऊन ते गॅलरीत बसायचे. मग बाळाला सर्दी झाली. ताप नाही, छाती भरलेली नाही. ज्या डॉक्टरांना दाखवलं ते म्हणाले साधी सर्दी आहे, नाकात थेंब घाला. चौथ्या रात्री दूध पिताना बाळ लाल झालं, मग निळं, आणि श्वास घ्यायचंच विसरलं. पाठीवर थोपटलं, तळव्यांना टिचक्या मारल्या, तेव्हा परत घेतला. गाडीत अजून दोनदा तसंच.

ती 'हूप' आवाज येणारी खोकल्याची उबळ आलीच नाही, म्हणून कोणाच्या डोक्यात डांग्या खोकला आला नाही. रक्तात पांढऱ्या पेशी पन्नास हजारांवर गेल्या तेव्हा एका ज्युनियर मुलीने विचारलं, घरात कोणाला जुना खोकला आहे का? नाकातला नमुना पीसीआरला गेला, पॉझिटिव्ह आला. अकरा दिवस आयसीयू. घरातल्या सगळ्यांना अझिथ्रोमायसिन. बाबा त्या अकरा दिवसांत एकदाही नीट जेवले नाहीत.

मुलगा आता सात वर्षांचा आहे, उत्तम आहे. बायकोला टीटीचे दोन झाले होते. टीडॅप हा शब्द आम्ही आयसीयूत पहिल्यांदा ऐकला.

नकोच_बाई | ४ जून, संध्याकाळी ६:०२

वाचून काटा आला. बाळ बरं झालं हे वाचून बरं वाटलं. माझा बाळाच्या लसीबद्दलचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.

वारकरी_पेशी | ४ जून, रात्री ९:२५

काजवा, तुम्ही सांगितलंत तेच आम्ही वॉर्डात बघतो. दोन-तीन महिन्यांखालच्या बाळात हूप नसते, कारण जोराने श्वास ओढायची ताकदच नसते. श्वास थांबणं, निळं पडणं आणि ताप नसणं हीच खूण. पांढऱ्या पेशी फार चढल्या तर आम्हालाही भीती वाटते, कारण त्या फुफ्फुसाच्या बारीक वाहिन्या बुजवतात.

आता २८. तीन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत.

वारेतली वाहतूक साधारण तेराव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, पण फार थेंबथेंब. विसाव्या आठवड्याच्या आसपास बाळाच्या रक्तात आईच्या दहा टक्क्यांएवढी आयजीजी असते, तिसाच्या आसपास निम्मी, आणि पूर्ण दिवसांच्या बाळात आईपेक्षाही थोडी जास्त. म्हणजे मुख्य माल शेवटच्या दहा आठवड्यांत जातो. दुसरी गोष्ट, टोचल्यावर तुमच्या अँटिबॉडी चढायला साधारण दोन आठवडे लागतात. तिसरी, चढलेल्या पुन्हा उतरू लागतात. फार लवकर टोचलं तर गर्दीच्या वेळेपर्यंत साठा ओसरायला लागेल आणि ३७ला टोचलं तर माल तयार व्हायच्या आत गाडी सुटेल. म्हणून २७ ते ३६ हा काळ, आणि त्यातही सुरुवातीचा भाग बरा. फॉग्सी, म्हणजे आपल्याकडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना, हेच सांगते. अमेरिकेतही २०१२पासून प्रत्येक गरोदरपणात असंच देतात.

नकोच_बाई, 'प्रत्येक' याच कारणाने. तीन वर्षांपूर्वीच्या लसीची स्मृती शरीरात असते, पण स्मृती वार ओलांडत नाही. ओलांडते ती त्या वेळी रक्तात फिरणारी आयजीजी, आणि डांग्या खोकल्याची आयजीजी एक-दोन वर्षांत बरीच उतरते. स्वतःला लहानपणी हा आजार होऊन गेला असला तरी तेच.

आकडे समजण्यासाठी आहेत, कोणाच्या रिपोर्टचे नाहीत. समजा रानजाईंनी २८ला घेतलं आणि बाळंतपणाच्या दिवशी त्यांच्या रक्तात ७० एकक आहेत. बाळात ८० असतील. बाळ नवं बनवत नाही, मिळालेलं खर्चत राहतं, आणि साधारण पाच आठवड्यांनी ते निम्मं होतं. पाचव्या आठवड्यात ४०, दहाव्यात २०, पंधराव्यात १०. तोवर पेंटाव्हॅलंटचे तीन डोस झालेले असतात. लस न घेतलेल्या आईकडे १० होते असं धरा. बाळाला ११-१२ मिळतील आणि काजवांच्या मुलाच्या वयात ५-६ उरतील.

किती एकक म्हणजे सुरक्षित, असा पक्का आकडा मात्र या आजारात ठरलेला नाही. धनुर्वातात तो बराचसा ठाऊक आहे, इथे नाही. म्हणून रक्त तपासून "तुमच्याकडे पुरेसं आहे, लस नको" असं कोणी सांगू शकत नाही.

बाळाच्या लसीत खोडा येतो, हे खरं आहे. टीडॅप घेतलेल्या आयांच्या बाळांना पहिल्या तीन डोसांनंतर अँटिबॉडी काहीशा कमी बनतात. पण ती बाळं मोठेपणी जास्त आजारी पडली असं ठळकपणे दिसलेलं नाही, आणि या आजाराने दगावतात ती बहुतेक तीन महिन्यांच्या आतली. गोवराचं उदाहरण तुम्ही बरोबर दिलंत, पण तिथे लस जिवंत विषाणूची आहे. आईची आयजीजी त्या विषाणूलाच आधी निकामी करते, म्हणून थांबावं लागतं.

नकोच_बाई | ४ जून, रात्री ९:५०

म्हणजे खोडा आहे, पण सौदा परवडतो, असं. ठीक. पहिल्यांदाच कोणी "नाही हो, तसं काही नसतं" म्हणून उडवून लावलं नाही.

लेस्टरची_लेक | ५ जून, पहाटे २:१०

इथे इंग्लंडमध्ये मला १६ आठवडे झाल्यापासूनच विचारत होते, २०व्या आठवड्याच्या स्कॅनच्या वेळी दिलं. २८ नाही! इथे २०१२मध्ये मोठी साथ आली, १४ बाळं गेली, आणि त्याच ऑक्टोबरात गरोदर बायकांना लस सुरू झाली. आधी २८लाच होती, २०१६मध्ये १६वर आणली. मधल्या काळात लोक विसरले, लस घेणाऱ्या कमी झाल्या आणि २०२४मध्ये पुन्हा साथ. इंग्लंडमध्ये ११ बाळं गेली.

शिवाय मला २८ला आरएसव्ही नावाच्या श्वासाच्या विषाणूची वेगळी लस दिली. सप्टेंबर २०२४पासून ती सगळ्या गरोदर बायकांना आहे. फ्लूची मिळून तीन झाली, माझा दंड म्हणजे टाचणीची उशी. मग वारकरी_पेशी, १६ बरोबर की २८?

सातारी_कंदी | ५ जून, सकाळी ७:३०

सरासरी काढा, २२. प्रश्न मिटला.

वारकरी_पेशी | ५ जून, दुपारी २:४५

मिटला नाही, आणि माझ्याही मनात मिटलेला नाही. इंग्लंडने पुढे आणलं ते दोन कारणांनी. आधीच्या तपासण्यांच्या वेळी बाई हाताशी असते, त्यामुळे जास्त जणींना मिळतं. आणि दुसऱ्या तिमाहीत टोचलं तर वाहतूक थेंबथेंब का असेना, पण जास्त आठवडे चालते. काही अभ्यासांत तशा बाळांकडे जन्मतः जास्त आयजीजी सापडली, काहींत २७ ते ३० आठवड्यांत टोचलेली बाळं वरचढ ठरली. पूर्ण दिवसांच्या बाळाला दोन्हींत संरक्षण चांगलं मिळतं. फरक पडतो तो लवकर येणाऱ्या बाळाला.

अवेळी_पाऊस | ५ जून, दुपारी ३:२०

माझं बाळ ३१व्या आठवड्यात आलं. टीडॅप ३०ला घेतलं होतं. म्हणजे काहीच गेलं नसेल ना? दीड महिना एनआयसीयूत होतो, हे कोणी बोललंच नाही. आता बाळ जन्मापासून नऊ आठवड्यांचं आहे.

वारकरी_पेशी | ५ जून, दुपारी ३:४१

एका आठवड्यात नव्या अँटिबॉडी फारशा गेल्या नसणार, खरं सांगतो. तुमच्या रक्तात आधीपासून होत्या त्यातल्याही साधारण निम्म्याच पोचल्या असतील. त्यासाठी आज करण्यासारखं हे: बाळाच्या लसी जन्मतारखेपासून मोजा, ड्यू डेटपासून नव्हे. सहा आठवड्यांचा डोस अजून झाला नसेल तर उद्याच बाळाच्या डॉक्टरांना विचारा. "अजून लहान आहे, वजन वाढू दे" म्हणून कमी दिवसांच्या बाळांच्या लसी लांबवल्या जातात आणि गरज सर्वात जास्त त्यांनाच असते. घरात कोणी खोकत असेल तर त्याला बाळापासून लांब ठेवा.

अवेळी_पाऊस | ५ जून, दुपारी ३:५०

नाही झालेला. "तीन किलो झाल्यावर" असं सांगितलं होतं. उद्या जाते.

उपकेंद्र_३ | ५ जून, संध्याकाळी ७:१०

यात माझी एक भर. फ्लूची सुई विसरू नका. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर करतो. सहा महिन्यांखालच्या बाळाला ती लस देताच येत नाही, त्यामुळे आईकडून जाईल तेवढंच. शिवाय फ्लू खुद्द गरोदर बाईलाच वाईट लागतो, २००९चा स्वाइन फ्लू पुण्याने बघितलाय. महाराष्ट्रात २०१५पासून दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायांना ती सरकारीत मोफत द्यायला सुरुवात झाली. साठा असतो-नसतो, पण विचारा. टीडॅप आणि फ्लू एकाच दिवशी दोन दंडांत घेता येतात.

पेठेतली_मावशी | ५ जून, संध्याकाळी ७:३५

मग माझ्या सुनेला २८लाच दिलेलं पाच हजारांचं इंजेक्शन तेच का? तिचा रक्तगट निगेटिव्ह आहे. आम्ही सगळीकडे "लस दिली, लस दिली" सांगत फिरलो.

वारकरी_पेशी | ५ जून, रात्री ८:२०

नाही मावशी, ते अँटी-डी. ती लस नव्हे, दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या तयार अँटिबॉडी. पण गोष्ट याच दाराची आहे. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल आणि आईने बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध आयजीजी बनवली, तर तोच आकडा ती इमानेइतबारे पलीकडे पोचवतो आणि तिथे बाळाच्या पेशी फुटतात. आकड्याला मित्र-शत्रू कळत नाही, आयजीजी कळते. आईने ती बनवूच नये म्हणून अँटी-डी. त्याचं टीडॅपशी भांडण नाही, दोन्ही लागू असतील तर दोन्ही घ्यायची.

सातारी_कंदी | ५ जून, रात्री ८:३३

परत तलाठी कार्यालय. कागद बरोबर असला की पुढे सरकवायचं, आत काय लिहिलंय ते नाही बघायचं.

फिरस्ता_एटापल्ली | ५ जून, रात्री ११:०५

प्रश्न आहे. आमच्या भागात गरोदर बायकांना मलेरिया होतो. त्याचा या वाहतुकीवर परिणाम होतो का?

वारकरी_पेशी | ६ जून, सकाळी ६:५०

होतो. मलेरियाचे जंतू वारेत ठाण मांडतात, वार खराब होते. शिवाय आजारपणात आईच्या रक्तात एकंदर आयजीजी भरमसाट वाढते. आकडे तेवढेच, उमेदवार अनेक, त्यामुळे हव्या त्या अँटिबॉडीला जागा कमी मिळते. तिथे मच्छरदाणी आणि वेळेवर मलेरियाचे उपचार हेही बाळाच्या अँटिबॉडी वाचवण्याचं काम करतात.

लग्नाळू_नाही | ६ जून, सकाळी १०:१५

विषयांतर होतंय, पण माझी बहीण दिवस जाण्याचा विचार करतेय. रुबेला आणि कांजिण्यांची लसही आता गरोदरपणातच घेतली की बाळाला जाईल ना? एका दगडात दोन पक्षी.

उपकेंद्र_३ | ६ जून, सकाळी ११:००

नाही नाही! त्या जिवंत विषाणूच्या लसी, गरोदरपणात देत नाहीत. आधी घ्यायच्या आणि पुढे महिनाभर थांबायचं. चुकून घेतली आणि नंतर दिवस गेल्याचं कळलं तर घाबरून गर्भपाताला धावायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं. राहिल्या असतील तर बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असतानाही घेता येतात.

रानजाई | १ जुलै, रात्री ९:३०

मंडळी, २८ पूर्ण. आज घेतलं, डाव्या दंडात. फ्लूचं उजव्यात. डावा हात दुखतोय, ताप नाही. कुशीवर झोपा म्हणतात, तर कुठल्या कुशीवर हा नवा प्रश्न.

काजवांची पोस्ट सासूबाईंना वाचून दाखवली होती. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, त्यांचा खोकला दोन महिन्यांचा आहे. एक्स-रे काढलाय, थुंकी तपासायला दिलीय. आता विचारतायत, घरातल्या बाकीच्यांनीही ते तेराशेवालं घ्यायचं का?

एक शंका. तिथल्या मुलीने कार्डावर टीडीच्या तिसऱ्या रकान्यात नुसती तारीख टाकली. चालेल का?

उपकेंद्र_३ | १ जुलै, रात्री ९:५२

नाही चालणार. उद्या जाऊन 'टीडॅप' असं स्पष्ट लिहून घ्या, सोबत कंपनीचं नाव आणि बॅच नंबर. बाटलीचं स्टिकर असेल तर तेच चिकटवून घ्या. नाहीतर बाळंतपणाला कुठे दुसरीकडे गेलात तर तिथले म्हणतील तीन टीडी झाल्यात, डांग्या खोकल्याचं काही नाही, आणि पुन्हा टोचतील.

वारकरी_पेशी | १ जुलै, रात्री ११:१०

मोठ्यांनी घेतलं तर चांगलंच, बाळ यायच्या निदान दोन आठवडे आधी. पण तो दुसरा पहारा. लस घेतलेला माणूस स्वतः आजारी न पडता जंतू वाहू शकतो, म्हणून त्यावर विसंबून चालत नाही. सासऱ्यांचा रिपोर्ट येईपर्यंत त्यांनी मास्क लावावा, आणि खोकला का आहे ते बाळ यायच्या आत कळायला हवं. क्षयाची तपासणी केलीत हे उत्तम केलंत.

कुशीचं म्हणाल तर डावी बरी असं सांगतात. आज उजवी चालेल.

अवेळी_पाऊस | २ जुलै, सकाळी ८:०५

आमचा पहिला डोस झाला, दुसरा परवा आहे. वजन दोन किलो आठशे.

गोठा_आणि_गप्पा | २ जुलै, सकाळी ८:४०

आमच्याकडे काल रात्री गाय व्याली. अर्ध्या तासात चीक पाजला. उरलेला आहे, कोणाला खरवसाला हवा असेल तर सांगा.